बादलीभर नर्मदा आणि न पाहिलेला न्यूमेरिकल

प्रश्न: मी इंदूरच्या एका शाळेत अकरावीत आहे आणि यंदा फिजिक्स क्लबची लीडर आहे. पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर नववी ते बारावीच्या मुलांसमोर सात मिनिटं बोलायचंय. विषय आहे, ओळखीचा नसलेला न्यूमेरिकल सोडून देऊ नका. भाषण हिंदीत करेन, पण घरी मराठी बोलतो म्हणून इथे मराठीत विचारते. लिहायला बसलं की "घाबरू नका, प्रयत्न करा" याच्या पुढे काही सुचतच नाही. काय बोलू?

उत्तर:

"प्रयत्न करा" हे वाक्य आधी खोडून टाक. न्यूमेरिकल सोडणारा मुलगा त्याच्या मते प्रयत्न करूनच सोडत असतो. तो प्रश्न वाचतो आणि मनातल्या मनात एकच गोष्ट शोधतो, "याला कोणता फॉर्म्युला लागतो?" धड्याखालचे पहिले दहा प्रश्न असे सुटतात, कारण त्यांत दिलेल्या किमती आणि फॉर्म्युल्यातली अक्षरं यांची जोडी सरळ जुळते. अकराव्या प्रश्नात ती जुळत नाही. मुलगा तो पुन्हा वाचतो, पुन्हा जुळत नाही, मग पुढच्या प्रश्नाकडे जातो. एवढ्यात दीड मिनिट गेलेलं असतं आणि वहीत एक रेघही उमटलेली नसते.

वह्या तपासताना कोऱ्या सोडलेल्या जागा दिसतात, पण सगळ्यांचं कारण एक नसतं. काहींचा मूळ धडाच कच्चा असतो. त्यांना भाषणाचा उपयोग नाही, धडाच पुन्हा वाचायला हवा. काही जण अर्धं सोडवून आकडेमोडीत अडकतात. पण धडा येत असूनही ज्यांनी काहीच लिहिलेलं नाही, अशांची संख्या मोठी असते. तुझं भाषण त्यांच्यासाठी आहे. फॉर्म्युला सुचत नसताना हाताने काय करायचं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. सात मिनिटांत तू तेवढंच दाखव. सांगून ते कळत नाही, म्हणून भाषणातच एक न पाहिलेला न्यूमेरिकल सोडव, आणि तोही जिथे अडतो त्या जागेसकट.

न्यूमेरिकल निवडताना एक कसोटी लाव. नियम जुना असावा, नवं असावं ते फक्त दृश्य. समोर नववीची मुलं आहेत, तेव्हा रोटेशन किंवा कॅपॅसिटर घेऊन चालणार नाही. कार्य, ऊर्जा आणि शक्ती नववीत होऊन जातं, त्यामुळे त्यातला प्रश्न मैदानावरच्या प्रत्येकाला पुरतो. माझ्या मते इंदूरच्या मुलांसाठी हा घ्यावा:

"आपल्या घरी येणारं पाणी नर्मदेतून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, साधारण सत्तर किलोमीटर लांबून पंपाने येतं. अंघोळीच्या एका बादलीतलं पाणी वर चढवायला जेवढी ऊर्जा लागली, तेवढ्यात घरातला 9 वॅटचा एलईडी बल्ब किती वेळ जळेल?"

(शहराच्या काही भागांत यशवंतसागरचं पाणी येतं. शाळा त्या बाजूला असेल तर "नर्मदेच्या एका बादलीला" असं म्हण, नाहीतर पहिल्याच वाक्याला कुणीतरी हटकेल.)

यात वॅट सोडून काहीच दिलेलं नाही. बादली किती लिटरची, चढ किती, काही नाही. आणि सत्तर किलोमीटर हा जो एक मोठा आकडा कानावर पडतो, तो दिशाभूल करणारा आहे. फॉर्म्युला शोधणारा मुलगा नेमका इथे थांबतो, म्हणून प्रश्न तुझ्या कामाचा आहे.

प्रश्न सांगितल्यावर लगेच सोडवायला घेऊ नकोस. आधी हात वर करायला सांग: काही सेकंद म्हणणारे किती, मिनिटं म्हणणारे किती, तास म्हणणारे, दिवस म्हणणारे? याला अर्धं मिनिट लागेल. हे नुसतं मुलांना जागं करण्यासाठी नाही. आधी अंदाज बांधला की शेवटी आलेलं उत्तर कशाशी तरी ताडून बघता येतं, आणि उत्तर कशाशीच न ताडणं ही सोडून देण्याइतकीच वाईट सवय आहे.

आता सोडवणं. इथे तुझं बोलणं असं असावं (हिंदीत तू करशीलच):

"मला फॉर्म्युला सुचत नाहीये. ठीक आहे. मी चित्र काढते. खाली नदी, वर इंदूर, मध्ये पाइप. आता विचारलंय काय? वेळ. वेळ कोणाचा? बल्बचा. बल्ब सेकंदाला 9 ज्यूल खातो. म्हणजे मला किती ज्यूल आहेत ते कळलं, की 9 ने भागायचं. प्रश्न अजून सुटला नाही, पण छोटा झाला. आता फक्त ज्यूल शोधायचे."

हा भाग सावकाश बोल. प्रश्नाच्या शेपटीकडून सुरुवात करायची, जे विचारलंय ते कशावरून मिळेल हे एका ओळीत लिहायचं, ही पूर्ण भाषणातली सर्वांत कामाची गोष्ट आहे. बहुतेक मुलं दिलेल्या माहितीपासून सुरू करतात. ओळखीच्या प्रश्नात ते चालतं. इथे माहितीच दिलेली नाही, म्हणून विचारलेल्या गोष्टीपासून मागे यावं लागतं.

मग ज्यूल. पाणी वर चढलं म्हणजे त्याची स्थितिज ऊर्जा वाढली: वस्तुमान गुणिले g गुणिले उंची. बादली साधारण 15 लिटरची, लिटरभर पाणी एक किलोचं, म्हणून 15 किलो. g ची किंमत 10 घे. 9.8 घेऊन माइकवर गुणाकार सांगशील तर तिसऱ्या आकड्याला मैदान हातचं गेलं. वजन 150 न्यूटन झालं.

उंची कुठून आणायची? हीच खरी अडण्याची जागा आहे, ती लपवू नकोस. दोन सेकंद गप्प राहा, मग म्हण, "उंची दिलेली नाही. मग कुठे मिळेल?" रेल्वे स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. मंडलेश्वरजवळ नर्मदा सुमारे दीडशे मीटरवर, ते तू सांगून टाक. फरक 400 मीटर. 150 गुणिले 400, म्हणजे 60,000 ज्यूल. भागिले 9, साधारण 6,700 सेकंद. तासाला 3,600 सेकंद, म्हणजे दोन तासांना थोडा कमी वेळ.

कुणी वहीत नीट 9.8 घेऊन केलं तर 58,800 ज्यूल आणि 1 तास 49 मिनिटं येईल. 10 घेतल्यावर 1 तास 51 मिनिटं. दोन मिनिटांचा फरक. बादली 15 लिटरची की 18 ची हेच जिथे नक्की नाही, तिथे त्या दोन मिनिटांसाठी डोकं शिणवण्यात अर्थ नाही. तेही एका वाक्यात सांगून टाक. किंमत दिलेली नसली की आपल्याला ती धरायचा हक्कच नाही असं मुलांना वाटतं. हक्क आहे, फक्त काय धरलं ते वहीत लिहायचं. (पेपरात मात्र बहुतेक प्रश्नांत लागणाऱ्या किमती दिलेल्या असतात. तिथे मनाने किंमत धरायची वेळ आलीच, तर आधी प्रश्न पुन्हा वाचावा.)

यानंतरचं दीड मिनिट चुकीच्या वाटेला दे. सगळं बरोबर सोडवून दाखवलंस तर मुलं म्हणतील, हिला येतंच होतं. चुकीची वाट अशी: कुणीतरी कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन हे आठवून 150 न्यूटनला सरळ सत्तर किलोमीटरने, म्हणजे 70,000 मीटरने गुणणार. उत्तर येतं एक कोटी पाच लाख ज्यूल, आणि बल्ब जळतो साडेतेरा दिवस. फॉर्म्युला खरा, गुणाकार खरा, उत्तर खोटं. हे ओळखायचं कसं? ज्यूलवरून कुणालाच काही कळत नाही, म्हणून विजेच्या बिलातल्या युनिटात आण. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, तेव्हा एका बादलीला जवळजवळ तीन युनिट झाले. घरात रोज वीस-पंचवीस बादल्या पाणी लागतं. म्हणजे नुसतं पाणी आणायला एका घरामागे रोज साठ-सत्तर युनिट, आणि कित्येक घरांचं सगळ्या महिन्याचं बिल दीडशे-दोनशे युनिटांचं असतं. असं पाणी कोणत्या शहराला परवडेल? तेव्हा कुठेतरी घोटाळा आहे हे नक्की, मग तो सापडायला वेळ लागत नाही. वजन खाली ओढतं आणि पाइप बहुतांशी आडवा जातो. वजनाविरुद्धचं कार्य फक्त चढलेल्या उंचीचं. आडव्या अंतरात पंपाला जे खर्चावं लागतं ते पाइपातल्या घर्षणासाठी, आणि ते वजनावरून निघत नाही.

बरोबर उत्तरही याच तराजूत टाकून दाखव. 60,000 ज्यूल म्हणजे एका युनिटाचा साठावा भाग. पंचवीस बादल्यांना अर्ध्या युनिटाच्या आत. हे पटण्यासारखं आहे.

भौतिकशास्त्राचे सर किंवा मॅडम मागे उभे असतील, त्यांच्या मनात एक शंका येईलच, ती तूच आधी बोलून टाक. दोन तास हे खरं उत्तर नाही, ती खालची मर्यादा आहे. मालव्याच्या पठाराची महूकडची कड इंदूरपेक्षा उंच आहे. पाणी आधी त्या कडेवर चढतं आणि मग उताराने शहराकडे येतं, म्हणून पंपाला 400 मीटरपेक्षा जास्त चढवावं लागतं. शिवाय मोटर आणि पंप मिळून घेतलेल्या विजेतला काही भाग वाया जातो, पाइपात घर्षण आहे ते वेगळंच. एकूण चढ 550 मीटर आणि घेतलेल्या विजेतली 60 टक्केच कामी येते असं धरलं, तर तीच बादली बल्बला सव्वाचार तास पुरेल एवढी वीज खाते. हे दोन्ही आकडे आपण धरलेले आहेत, मोजलेले नाहीत, हे स्पष्ट म्हण. पण दोन तासांपेक्षा कमी काही केल्या होणार नाही आणि दिवसभर चालेल एवढंही नाही, इतकं एका कागदावर कळलं. कोऱ्या पानावर हे कळलं नसतं.

आता मुलांना करायला काय सांगायचं. इथे परिस्थितीप्रमाणे फरक पडतो आणि तो न सांगितलास तर भाषण नुकसान करेल. घरच्या अभ्यासात आणि क्लबमध्ये प्रत्येक अनोळखी प्रश्नाला हात घालायचाच. बोर्डाच्या पेपरात चुकीला गुण कापत नाहीत आणि सूत्राला, किमती घालण्याला आणि उत्तराला गुण वाटून दिलेले असतात, म्हणून तिथेही चित्र आणि पहिल्या दोन ओळी लिहायच्याच, पण येणारे प्रश्न आधी उरकून. नीट आणि जेईई मेनच्या पर्यायी प्रश्नांत बरोबरला चार मिळतात आणि चुकीला एक जातो. तिथे वेळ संपत आला असताना न सुटलेला प्रश्न सोडणं हा शहाणपणा आहे. बारावीची मुलं समोर आहेत, त्यांनी "काहीही असो, सोडायचं नाही" असं ऐकून जाऊ नये. तू सरावाबद्दल बोलते आहेस, परीक्षेतल्या डावाबद्दल नाही.

सरावासाठी एक मोजमाप दे, म्हणजे सांगणं हवेत राहणार नाही. अनोळखी प्रश्नाला आठ मिनिटं. पहिल्या चार मिनिटांत फॉर्म्युला शोधायला बंदी. त्या वेळात फक्त चित्र, काय विचारलंय ते एककासकट, आणि ते कशावरून मिळेल ती एक ओळ. एवढं झाल्यावरही अडलं तर प्रश्न सोपा करून बघायचा: घर्षण नाही असं समज, एका बादलीऐवजी एक लिटर घे, चढ सरळ उभा आहे असं धर. आठ मिनिटांनंतरही पुढे सरकलं नाही, तर जिथे अडलं त्या ओळीखाली लाल रेघ मारून वही मिटायची. त्याच दिवशी उत्तर बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी लाल रेघेपासून पुन्हा सुरू करायचं, आणि मगच विचारायला जायचं. "सर, हा येत नाही" असं म्हणणाऱ्याला सर पूर्ण प्रश्न सोडवून देतात आणि तो उतरवून घेतो. "ज्यूल कळले, उंची कुठून घेऊ?" असं विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर मिळतं आणि उरलेला प्रश्न तो स्वतः सोडवतो.

क्लबकडून एक जाड रजिस्टर ठेव. त्यात सुटलेले प्रश्न घ्यायचे नाहीत, अर्धवटच घ्यायचे. चित्र, विचारलेली गोष्ट आणि लाल रेघ या तिन्ही गोष्टी असल्या तरच नोंद. नाव लिहायची सक्ती नको, इयत्ता पुरे. भाषणात मुलांकडून मागायचं ते एवढंच, शुक्रवारपर्यंत एक नोंद. काही जण नुसता प्रश्न उतरवून "नहीं आया" लिहून जातील, ती पानं परत कर. पहिल्या आठवड्यात नोंदी थोड्याच येतील. त्या लाल रेघा बघितल्यास तर बऱ्याच एकाच जागी अडलेल्या दिसतील, बहुधा न दिलेली किंमत धरण्यापाशी किंवा दिशा ठरवण्यापाशी. क्लबची पुढची बैठक त्या जागेवर घे.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. "हे अगदी सोपं आहे" असं एकदाही म्हणू नकोस. ज्याला जमत नाहीये, त्याला त्या शब्दाने एवढंच कळतं की बाकी सगळ्यांना जमतंय. आणि फळा नसेल तर आकडे चारच ठेव: 150, 400, 60,000 आणि दोन तास. एखाद्या मित्राला मोठ्या पुठ्ठ्यांवर ते लिहून उभं कर, तू बोललीस की त्याने पुठ्ठा वर धरायचा. वेळेचा हिशेब साधारण असा बसतो: प्रश्न आणि हात वर करणं एक मिनिट, सोडवणं अडीच, चुकीची वाट दीड, मर्यादा अर्धं, आठ मिनिटांचा नियम आणि रजिस्टर दीड. घरी घड्याळ लावून म्हणून बघ. लांबलं तर मर्यादेचा भाग एका वाक्यावर आण, चुकीच्या वाटेला हात लावू नकोस.

खाली उतरल्यावर एखादा हुशार मुलगा विचारेल, "कडेवरून इंदूरकडे येताना पाणी खाली उतरतं, ती ऊर्जा परत मिळते का?" प्रश्न चांगला आहे. वाटेत टर्बाइन बसवली तरच मिळेल. एरवी ती पाइपाशी घासून आणि पाण्यातल्या भोवऱ्यांत उष्णता होऊन जाते. त्याला तिथेच पूर्ण उत्तर देऊ नकोस, त्याच्यासाठी रजिस्टरचं पहिलं पान तयार ठेव. पाण्याची टाकी नळापेक्षा 20 मीटर उंच आहे. स्थितिज ऊर्जा सगळी गतिज झाली असं धरलं तर नळातून पाणी सेकंदाला 20 मीटरने, म्हणजे ताशी 72 किलोमीटरने बाहेर पडायला हवं. बादलीत पडणारी धार तशी नसते. मधे काय झालं, आणि घरातल्या बादली आणि घड्याळाने नळाच्या धारेचा खरा वेग कसा काढायचा?